बाजारात स्पर्धा किती उरली आणि विलीनीकरणानं किती गेली, हे कसं मोजावं

विक्रेत्यांच्या वाट्यांचे वर्ग करून बेरीज करायला सातवीतलं पोर पुरतं. तरी या विषयावरचा जवळजवळ प्रत्येक लेख सूत्रापाशी सुरू होतो आणि सूत्रापाशीच संपतो. खरं दुखणं सूत्राच्या आधी असतं, बाजार कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो ते ठरवण्यात. मी तिथंच आपटलो होतो, त्यामुळे या लेखाचा बराचसा भाग तिथंच जाणार आहे. सूत्र आधी उरकून घेतो.

उदाहरण म्हणून कोल्हापूर शहरातलं तयार काँक्रीट घेऊ, म्हणजे प्लांटमध्ये बनवून ट्रान्झिट मिक्सरनं साईटवर पोचवलेलं, ज्याला सगळे आरएमसी म्हणतात. आकडे मी हिशेब सोपा व्हावा म्हणून मनानं धरले आहेत. शहरात वर्षाला २ लाख घनमीटर माल खपतो आणि तो सात प्लांट पुरवतात. त्यांचे वाटे असे: अ २८ टक्के, ब २०, क १६, ड १४, ई १०, फ ७ आणि ग ५.

केंद्रीकरण गुणोत्तर म्हणजे वरच्या चौघांच्या वाट्यांची बेरीज. २८, २०, १६, १४ मिळून ७८ टक्के झाले. संपलं.

दुसरं माप हर्फिंडाल-हर्शमन निर्देशांक, बोलताना एचएचआय. प्रत्येक वाट्याचा वर्ग करायचा आणि सगळे वर्ग मिळवायचे. ७८४, ४००, २५६, १९६, १००, ४९ आणि २५ यांची बेरीज १,८१० येते. एकच विक्रेता असेल तर १०,०००. बारीक-बारीक विक्रेते असंख्य असतील तर शून्याजवळ. एक्सेलमध्ये एवढंच लिहा:

```
=SUMSQ(B2:B8)
```

रकान्यात २८ असा साधा आकडा हवा. टक्के-फॉरमॅट लावला असेल तर उत्तर ०.१८१ येतं आणि माणूस अर्धा तास चूक शोधत बसतो. १०,००० नं गुणलं की काम झालं.

दोन विक्रेते एक झाले की एचएचआय किती वाढेल हे काढायला सगळी बेरीज पुन्हा करू नका. दोघांचे वाटे गुणा आणि दुप्पट करा. क आणि ड एक झाले तर १६ गुणिले १४ गुणिले २, म्हणजे ४४८. निर्देशांक १,८१० वरून २,२५८ वर जातो.

आता चौघांच्या गुणोत्तराकडं बघा. क-ड एक झाल्यावर वरचे चार म्हणजे ३०, २८, २० आणि पाचव्या नंबरावरून वर आलेला ई, १०. बेरीज ८८. आता समजा क-ड ऐवजी अ आणि ब एक झाले. वरचे चार होतात ४८, १६, १४, १०. बेरीज तीच, ८८! एका बाजूला मधले दोघं एकत्र आले, दुसऱ्या बाजूला पहिल्या दोघांनी मिळून जवळजवळ निम्मा बाजार घेतला, आणि गुणोत्तराला फरकच कळला नाही. कारण वरच्या चौघांतलेच दोघं एक झाले की गुणोत्तर फक्त पाचव्याच्या वाट्याएवढं वाढतं, विलीन होणारे कितीही मोठे असोत. एचएचआय मात्र अ-ब च्या वेळी १,१२० नं उडी मारतो. म्हणून विलीनीकरणाचा निवाडा नुसत्या चौघांच्या बेरजेवर करणारा अहवाल मी बाजूला ठेवतो. बाजार एका नजरेत दाखवायला ती बेरीज ठीक आहे, त्यापुढं नाही.

बाजार कुठवर धरायचा

काही वर्षांपूर्वी असेच दोन प्लांट एकत्र यायचा विचार करत होते आणि बाजाराचा अहवाल लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी सरळ कोल्हापूर जिल्हा हा बाजार धरला. का? तर आकडे जिल्हावार मिळाले म्हणून. दुसरं कारण नव्हतं. अहवाल वाचून ज्येष्ठ वकिलांनी एकच विचारलं, "शिरोलीत भरलेला मिक्सर गडहिंग्लजला नेऊन ओतता येईल का हो?" मी गप्प.

नाहीच येणार. काँक्रीट मिक्सरमध्ये फिरत असलं तरी साधारण दोन तासांत ओतून मोकळं व्हावं लागतं, आणि त्या दोन तासांत फाट्यावरची गर्दी, साईटवरचं थांबणं आणि पंपाची जोडाजोड सगळं आलं. गडहिंग्लजच्या ठेकेदाराच्या दृष्टीनं शिरोलीचा प्लांट असून नसल्यासारखा आहे. तो प्लांट माझ्या कोष्टकात होता, पण एवढ्यानं ठेकेदाराला पर्याय मिळत नाही.

या चुकीनं आकडे कसे फिरतात ते बघा. वरच्या सात प्लांटांच्या जोडीला इचलकरंजी, जयसिंगपूर, गडहिंग्लज अशा भागांत आणखी सहा प्लांट आहेत आणि प्रत्येक जण आपापल्या भागात २०,००० घनमीटर विकतो असं धरा. जिल्ह्याचा बाजार ३ लाख २० हजार होतो. क चा वाटा १६ वरून १० वर, ड चा १४ वरून ८.७५ वर उतरतो. एचएचआय ९४१ आणि विलीनीकरणानं वाढ १७५, म्हणजे नंतर १,११६. तेच दोन प्लांट, तोच माल, तेच गिऱ्हाईक. शहर धरलं तर २,२५८ आणि वाढ ४४८.

युरोपीय आयोगाच्या २००४ च्या मार्गदर्शक सूचनांत विलीनीकरणानंतर निर्देशांक १,००० ते २,००० च्या दरम्यान आणि वाढ २५० च्या आत असेल तर सहसा पुढं खोदत नाहीत. २,००० च्या वर असेल तर वाढ १५० च्या आत हवी. जिल्हा धरून आपलं प्रकरण बिनबोभाट सुटतं, शहर धरून अडकतं. माझ्या अहवालात ते असंच सुटलं होतं. बेरीज बरोबर होती आणि निष्कर्ष साफ चुकीचा.

मग हद्द कशी काढायची? नकाशावर कंपास ठेवून वर्तुळ मारू नका. प्लांटची वर्षभराची डिलिव्हरी चलनं काढा. त्यावर भरल्याची वेळ आणि साईट दोन्ही असतात. साईट नकाशावर टिंबांनी मांडा आणि विक्रीतला ८० टक्के माल किती मिनिटांच्या अंतरात गेला ते बघा. किलोमीटर मोजू नका, मिनिटं मोजा. हायवेवरून कागलकडची पंधरा किलोमीटर आणि भर दुपारी शहरातून रंकाळ्यापलीकडची पाच, यांत मिक्सरच्या ड्रायव्हरला विचारा कुठली लांब.

आणि वाटा मोजताना प्लांट कुठं उभा आहे हे बघायचं नाही, माल कुठं उतरला ते बघायचं. कागलचा प्लांट शहरात माल देत असेल तर तेवढा माल शहराच्या बाजारात धरायचा. शिरोलीचा प्लांट हातकणंगल्याला माल देत असेल तर तेवढा वजा करायचा. ही वजाबाकी बरेच लोक करत नाहीत.

हद्दीचा दुसरा अर्धा भाग मालाचा. साईटवर छोट्या मिक्सरनं कालवलेलं काँक्रीट या बाजारात धरायचं का? इथं मत विचारू नका, वागणूक विचारा. मानलेला प्रश्न असा असतो: सगळ्या प्लांटांनी मिळून दर पाच टक्के वाढवला आणि तो तसाच राहिला, समजा घनमीटरला ५,००० चे ५,२५० झाले, तर इतकी गिऱ्हाइकं पळतील का की वाढ अंगाशी येईल? पळणार असतील तर जिथं पळतात तो माल बाजारात घ्यायचा. पण ठेकेदाराला "दर वाढला तर काय कराल" असं विचारलं की तो "सोडून देईन साहेब" म्हणतो, कारण त्याला वाटतं आपण दर वाढवायलाच आलोय. त्याऐवजी "मागं दर वाढला तेव्हा काय केलंत?" विचारा. दोन खोल्यांचा स्लॅब टाकणारा सांगेल, मिक्सर आणि माणसं लावली. सात मजली इमारतवाला म्हणेल, दुसऱ्या प्लांटला फोन लावला. म्हणजे मोठ्या इमारतींपुरता साईटवरचा माल बाजाराबाहेर आणि छोट्या घरांपुरता आत. एकाच मालाचे गिऱ्हाइकांनुसार दोन बाजार निघू शकतात, त्यात काही वावगं नाही. दोन्हींचे वेगळे हिशेब करा.

हे गल्लीतलं उदाहरण आहे म्हणून हसू नका. सन फार्मानं रॅनबॅक्सी घेतली तेव्हा भारतीय स्पर्धा आयोगानं सगळा औषधबाजार एक न धरता औषधाच्या घटकागणिक बाजार तपासले. डिसेंबर २०१४ मध्ये सात उत्पादनं विकायच्या अटीवर परवानगी दिली. सगळा बाजार एकच धरला असता तर ती सात उत्पादनं आकड्यांत दिसलीच नसती.

वाट्यांची यादी साफ करणं

एक मालक दोन नावांनी धंदा करत असेल तर वर्ग करण्याआधी त्याचे वाटे जोडा. समजा फ हा प्लांट अ च्याच घरातला आहे, मेव्हण्याच्या नावावर. मग सात नव्हे, सहा विक्रेते आणि एचएचआय विलीनीकरणाआधीच २८ गुणिले ७ गुणिले २, म्हणजे ३९२ नं वर, २,२०२. नावांवर जाऊ नका. दर कोण ठरवतो आणि मिक्सर एकमेकांकडं फिरतात का, हे ड्रायव्हर सांगतात.

"इतर १२ टक्के" अशी ओळ आली तर तिचा वर्ग करून १४४ मिळवू नका. ते दहा-बारा जण असतील तर त्यांची खरी भर दहा-पंधराचीच असते.

आकडा आल्यावर

अमेरिकेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत विलीनीकरणानंतर एचएचआय १,८०० च्या वर आणि वाढ १०० च्या वर असेल तर स्पर्धेला बाधा येईल असं गृहीत धरतात, आणि ते खोडायची जबाबदारी विलीन होणाऱ्यांवर येते. २०१० च्या सूचनांत हीच वरची रेषा २,५०० आणि वाढ २०० होती. म्हणजे जुन्या पुस्तकातली पातळी उतरवून काढलेला निष्कर्ष आज उलटा पडू शकतो. आपल्याकडं स्पर्धा कायदा, २००२ मध्ये अशी आकड्याची रेषा नाही. कलम २०(४) मध्ये बाजारातलं केंद्रीकरण हा विचारात घ्यायच्या अनेक बाबींतला एक आहे, त्याच यादीत नव्या विक्रेत्याला शिरता येणं किती अवघड आहे हेही येतं. शहरापुरते छोटे प्लांट तर मालमत्ता आणि उलाढालीच्या मर्यादेखालीच राहतात, त्यांना आयोगाकडं अर्ज करावाच लागत नाही. तरी बँक आणि भागीदार हा हिशेब मागतात.

एचएचआयला कालचे वाटे कळतात, उद्याचा प्लांट कळत नाही. म्हणून आकड्याखाली दोन ओळी लिहा: जागा आणि परवानग्या धरून नवा प्लांट उभा राहायला किती महिने लागतात, आणि आत्ताच्या प्लांटांची किती क्षमता रिकामी आहे. ग चा वाटा ५ टक्के असला तरी त्याचा प्लांट अर्धा वेळ बंद असेल तर दर वाढताच तो दुप्पट माल देऊ शकतो. ५ टक्क्यांच्या वर्गात हे दिसत नाही.

शेवटी हद्द एकदा आत आणि एकदा बाहेर सरकवून सगळं पुन्हा काढा. हातकणंगल्याच्या साईट आत घेतल्या तर काय, बाहेर ठेवल्या तर काय. दोन्हींत निष्कर्ष तोच राहिला तर अहवालावर सही करा. बदलला तर दोन्ही कोष्टकं जोडा आणि हद्दीवरच्या त्या साईटना माल प्रत्यक्षात कोण देतं ते चलनांवरून पुन्हा तपासा.