ईथर जोडताना आणि तोडताना: नजर कुठल्या कार्बनवर ठेवायची

विल्यमसन संश्लेषण आणि HI ने होणारं ईथरचं विघटन हे दोन्ही भाग मुलं वेगवेगळे पाठ करतात, आणि परीक्षेत दोन्हीकडे गोंधळतात. मी दोन्ही एकाच रेणूवर शिकवते: टर्शरी ब्युटाइल मिथाइल ईथर.

हा बनवायला कागदावर दोन वाटा दिसतात. पहिली, सोडियम मेथॉक्साइड आणि टर्शरी ब्युटाइल ब्रोमाइड. ही चालत नाही. एसएन-टू अभिक्रियेत मेथॉक्साइडला कार्बनच्या पाठीमागून यावं लागतं, आणि इथे त्या कार्बनला तीन मिथाइल गटांनी वेढलेलं असतं. मेथॉक्साइड तीव्र आम्लारीही आहे, म्हणून तो शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन काढून घेतो. हाती येतं २-मिथाइलप्रोपीन. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे उणे ७ अंश सेल्सिअस असल्याने ते वायुरूपात निघून जातं. तो वायू ब्रोमीनच्या द्रावणात सोडला तर तांबूस रंग उडतो. ईथर झालं नाही, अल्कीन झालं, हे तिथेच कळतं.

दुसरी वाट म्हणजे पोटॅशियम टर्शरी ब्युटॉक्साइड आणि मिथाइल आयोडाइड. मिथाइलला शेजारी कार्बनच नाही, त्यामुळे विलोपनाचा प्रश्न येत नाही. नियम एवढाच: जास्त गर्दीचा गट अल्कॉक्साइडकडून घ्यायचा, हॅलाइड साधं ठेवायचं. सेकंडरी हॅलाइडही टाळावं, त्यातही अल्कीन बरंच मिळतं.

आता हेच ईथर संहत HI मध्ये टाका. आधी ऑक्सिजनवर प्रोटॉन बसतो. मग बंध टर्शरी ब्युटाइलच्या बाजूने तुटतो, कारण तिथे तयार होणारा कार्बोकॅटायन स्थिर असतो. मिळतात टर्शरी ब्युटाइल आयोडाइड आणि मिथेनॉल. एथिल मिथाइल ईथर असतं तर असा कार्बोकॅटायन झाला नसता. आयोडाइडने मोकळा मिथाइल गाठला असता आणि मिथाइल आयोडाइड व इथेनॉल मिळालं असतं. प्रश्नात HI 'जास्त प्रमाणात' आणि 'तापवून' असं असेल तर अल्कोहोलचंही आयोडाइड होतं. हे शब्द वाचायचे राहतात आणि तिथेच गुण जातात.

ॲनिसोलवर सगळ्यात जास्त चुका होतात. १०.८ ग्रॅम ॲनिसोल, म्हणजे ०.१ मोल, HI बरोबर तापवलं आणि अभिक्रिया पूर्ण झाली तर ९.४ ग्रॅम फिनॉल आणि १४.२ ग्रॅम मिथाइल आयोडाइड मिळेल. आयोडोबेन्झीन नाही. वलयाचा कार्बन-ऑक्सिजन बंध अंशतः दुहेरी असतो, वलयाच्या कार्बनवर पाठीमागून हल्ला होत नाही, आणि फिनाइल कॅटायन अतिशय अस्थिर असतो. म्हणून HI कितीही घातलं तरी फिनॉल तसंच राहतं. वेगळं करून फेरिक क्लोराइड घातलं की जांभळा रंग दिसतो. याच कारणाने ॲनिसोल बनवताना सोडियम फिनॉक्साइड आणि मिथाइल आयोडाइड घेतात. ब्रोमोबेन्झीन आणि मेथॉक्साइडची जोडी नेहमीच्या परिस्थितीत निष्क्रिय राहते. डायफिनाइल ईथरमध्ये तर दोन्हीकडे वलयच आहे, त्यामुळे ते HI ने तुटतच नाही.