कोटेशन गेलं, पुढचा फोन कधी?

कोटेशन पाठवल्यावर गिऱ्हाईक 'कळवतो' म्हणतं आणि आपणही विसरतो. शिरोलीतल्या फॅब्रिकेशनवाल्यांना हे नवीन नाही. शीटमध्ये नाव आणि टप्पा (चौकशी, कोटेशन, बोलणी, ऑर्डर, बंद) यांच्याशेजारी 'पुढची तारीख' हा रकाना ठेवा आणि रोज सकाळी त्यावरच सॉर्ट करा.

समजा, शेडचं कोटेशन 3 जूनला गेलं:

1. 5 जून: फोन. 'मिळालं का?' एवढ्यावर थांबू नका, निर्णय कोण घेणार ते विचारा.
2. 10 जून: व्हॉट्सॲपवर तशाच शेडचा फोटो.
3. 18 जून: फोन, दराचं बोलणं.
4. 3 जुलै: 'फाईल बंद करू का?' असा मेसेज. बरीच उत्तरं इथंच येतात!

फोन ठेवण्याआधी पुढची तारीख भरा. मात्र गिऱ्हाईकानं 'दिवाळीनंतर' म्हटलं, तर तीच तारीख टाका, मधे फोन नको.