डिपिंग ऑइलच्या कॅनवरचं नाव

तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यात द्राक्षं उतरायला लागली की बेदाण्याच्या शेडवर डिपिंग ऑइलचे कॅन येऊन पडतात. लिटरभर पाण्याला साधारण 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिली तेल कालवतात आणि त्यात घड बुडवून काढतात. मण्यावरचा मेणाचा थर सैल होतो आणि सावलीत रॅकवरही पाणी लवकर उडून जातं. या तेलातला मुख्य घटक म्हणजे इथाइल ओलिएट. मी पूर्वी एका कारखान्याच्या डिस्टिलरीच्या लॅबमध्ये होतो, आता अकरावी-बारावीचे क्लास घेतो. माझ्याकडच्या निम्म्या पोरांच्या घरी बेदाणा होतो, त्यामुळे नामकरण शिकवताना मी हेच नाव धरतो. अल्कोहोल, आम्ल आणि अल्कीन, तिन्ही गट या एका तेलाशी येऊन भिडतात.

पण थेट तिथे उडी मारायची नाही. आधी चार कार्बनचं एक साधं संयुग घ्या:

CH3–CH=CH–CH2–OH

नवीन मुलं रचना दिसली की लगेच कार्बन मोजायला बसतात. कार्बन नंतर मोजा. आधी कार्बन-हायड्रोजनखेरीज वेगळं काय दिसतंय तिथे, आणि जिथे दुहेरी बंध आहे तिथे, पेन्सिलीने गोल करा. इथे दोन गोल पडतील: एक –OH, म्हणजे अल्कोहोल, आणि दुसरा C=C, म्हणजे अल्कीन. आता यातला मानाचा कोण? आम्ल असेल तर पहिला मान आम्लाचा, मग अल्कोहोलचा, आणि दुहेरी बंध त्यानंतर. मधे अल्डिहाइड, कीटोन वगैरे मंडळी आहेत, पण सुरुवातीला हे तीन पक्के झाले तरी पुरे.

ज्याचा मान मोठा त्याच्या बाजूने आकडे टाकायचे. –OH असलेला कार्बन 1, मग 2, 3, 4. दुहेरी बंध 2 आणि 3 च्या मधे आहे, तेव्हा त्यातला लहान आकडा घ्यायचा, म्हणजे 2. चार कार्बनचं ‘ब्युट’, दुहेरी बंधाचं ‘ईन’, अल्कोहोलचं ‘ऑल’. नाव झालं ब्युट-2-ईन-1-ऑल. योगायोग म्हणजे उलट्या बाजूने मोजलं तरी दुहेरी बंधाला 2 च येतो, म्हणून काही मुलं खुशाल ‘ब्युट-2-ईन-4-ऑल’ लिहून मोकळी होतात. तपासणाऱ्याला ते लगेच दिसतं, कारण अल्कोहोलला 1 मिळत असताना 4 दिलेला असतो.

दुसरी चूक जास्त चिवट आहे. वहीत रचना अशी वाकडी काढलेली असते:

HO–CH2–CH(C2H5)–CH3

पोरं सरळ रेषेतले तीन कार्बन धरतात आणि ‘2-इथाइलप्रोपेन-1-ऑल’ लिहितात. कागदावरच्या सरळ रेषेला रसायनशास्त्रात काही किंमत नाही. –OH वाल्या कार्बनवरून निघा आणि इथाइलमध्ये शिरा, चार कार्बन मिळतात. उरलेला CH3 मग फांदी होतो. बरोबर नाव 2-मिथाइलब्युटेन-1-ऑल. माझा ठोकताळा असा, की दुसऱ्या कार्बनवर ‘इथाइल’ आला की पेन थांबवायचा आणि साखळी पुन्हा शोधायची. मात्र दरवेळी तो चूकच असतो असं नाही. HO–CH2–CH(C2H5)2 यात पाच कार्बनची साखळी सापडते, पण तिच्यात –OH वाला कार्बन येत नाही. मुख्य गटाचा कार्बन साखळीत असलाच पाहिजे, म्हणून इथे चारचीच साखळी घ्यायची आणि 2-इथाइलब्युटेन-1-ऑल हेच नाव बरोबर ठरतं.

आता आम्ल. COOH दिसलं की काही जण त्यातला OH वेगळा काढून ‘अल्कोहोलही आहे’ म्हणतात. ज्या कार्बनवर OH आहे त्याच कार्बनवर दुहेरी बंधाने ऑक्सिजनही असेल, तर तो सगळा मिळून एकच गट, कार्बोक्झिलिक आम्ल. हे कागदावर पटत नसेल तर प्रॅक्टिकलला पाहा. एका परीक्षानळीत इथेनॉइक आम्ल, दुसरीत इथेनॉल, आणि दोन्हींत चिमूटभर सोडियम बायकार्बोनेट टाका. आम्लाच्या नळीत फसफसून बुडबुडे येतात, इथेनॉलच्या नळीत पूड नुसती तळाशी बसून राहते. अल्कोहोल ओळखायला आम्लयुक्त पोटॅशियम डायक्रोमेट घालून गरम करतात, नारिंगी रंग हिरवा होतो. पण तो अल्डिहाइडनेही होतो, आणि तृतीयक अल्कोहोल असेल तर होतच नाही. अल्कीनला ब्रोमीन पाणी घालून हलवलं की त्याचा रंग जातो. फिनॉलनेही तो जातो, फक्त तिथे पांढरा साका पडतो. म्हणून एका चाचणीवर गट जाहीर करू नका.

कार्बन मोजताना COOH मधला कार्बन धरायचा आणि त्याला कायम 1 द्यायचा. एवढं लक्षात असेल तर आता ओलेइक आम्ल घ्या, आपल्या तेलाचा मूळ भाग:

CH3(CH2)7CH=CH(CH2)7COOH

गोल दोन, आम्ल आणि दुहेरी बंध. मान आम्लाचा, तेव्हा उजवीकडून सुरुवात. COOH चा कार्बन 1. पुढच्या कंसातले सात CH2 म्हणजे 2 ते 8. मग दुहेरी बंधाचे 9 आणि 10. नंतरचे सात 11 ते 17, आणि शेवटचा CH3 म्हणजे 18. अठरा कार्बनचं ‘ऑक्टाडेक’, तेव्हा नाव ऑक्टाडेक-9-ईनॉइक आम्ल. कंसाबाहेरचा 7 सोडून देऊन सहा कार्बनचं आम्ल करणारेही दरवर्षी भेटतात. शेवटचा आकडा 18 येतो का, एवढं मोजून घ्या.

त्या 9 ला प्रत्यक्षात फार अर्थ आहे. दुहेरी बंध नसलेलं अठरा कार्बनचं आम्ल, म्हणजे स्टिअरिक, 69 अंशांच्या आसपास वितळतं. मेणबत्तीत घालतात ते हेच. ओलेइक मात्र 13-14 अंशांवरच पातळ होतं. दुहेरी बंधाशी साखळीला बाक येतो, रेणू एकमेकांना चिकटून नीट रचले जात नाहीत. हा बाक सिस रचनेमुळे आहे, म्हणून पूर्ण नावात पुढे Z लिहितात.

आता कॅनवरचं नाव उरलं. आम्ल आणि अल्कोहोल यांच्यातून पाणी निघून गेलं की एस्टर होतं. त्याच्या नावात आधी अल्कोहोलचा भाग येतो, मग आम्लाचा, आणि ‘ऑइक आम्ल’च्या जागी ‘ओएट’ बसतो. इथेनॉलचं ‘इथाइल’ झालं, आम्लाचं ‘ऑक्टाडेक-9-ईनोएट’. रचना दिली असेल तर –COO– मधल्या C=O वाल्या कार्बनपासून आम्लाची साखळी मोजा. नुसत्या ऑक्सिजनला लागलेले दोन कार्बन इथाइलमध्ये गेले, त्यांना अठरात मिळवून ‘वीस कार्बनचं आम्ल’ करू नका.

बाजारातल्या डिपिंग ऑइलमध्ये एस्टरसोबत थोडं मोकळं ओलेइक आम्लही असतं. कार्बोनेटच्या पाण्याशी त्याची गाठ पडली की त्याचा साबण होतो आणि तेल पाण्यात दुधासारखं मिसळून राहतं. त्या साबणाचं नाव तुम्ही स्वतः काढा. इथाइलच्या जागी पोटॅशियम लिहायचं, बाकी आकडे तेच राहतात.