नव्या बिल्डवर स्मोक टेस्टिंग आणि सॅनिटी टेस्टिंग कधी व कसे करावे

रत्नागिरीतील काही बागायतदारांसाठी आमची छोटी टीम हापूसच्या पेट्यांच्या ऑर्डरी घेणारे एक ॲप तयार करत होती आणि त्याच्या चाचणीचे काम माझ्याकडे होते. मार्च ते मे या हंगामात जवळजवळ दर दोन दिवसांनी नवा बिल्ड, म्हणजे ॲपची चाचणीसाठी तयार केलेली नवी आवृत्ती, येई, आणि संपूर्ण ॲप तपासायलाही दोनच दिवस लागत. त्यामुळे प्रत्येक बिल्ड आधी थोडक्यात पारखून घेणे भाग होते. ही पारख दोन प्रकारची असते. बिल्ड पुढील चाचणीला घेण्याजोगा आहे का, हे स्मोक टेस्टिंग सांगते. नुकताच केलेला विशिष्ट बदल नीट बसला आहे का, हे सॅनिटी टेस्टिंग सांगते. सॉफ्टवेअर चाचणीची प्रमाणपत्रे देणाऱ्या आयएसटीक्यूबी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या शब्दकोशात हे दोन शब्द समानार्थी मानलेले आहेत, पण प्रत्यक्ष कामात बहुतेक टीम त्यांत फरक करतात; म्हणून आपल्या टीममध्ये कोणता अर्थ धरायचा, हे आधीच ठरवून घ्यावे.

पायरी १: स्मोक चाचणीची यादी लहान ठेवा. नवे विद्युत उपकरण पहिल्यांदा सुरू करताना त्यातून धूर निघतो का, हे पाहण्यावरून हे नाव आले असे सांगतात, आणि चाचणीचा आवाकाही तेवढाच असावा. आमच्या यादीत पाच गोष्टी होत्या: ॲप उघडणे, लॉगिन, पेट्यांची यादी दिसणे, एका पेटीची ऑर्डर चाचणीच्या पेमेंटसह पूर्ण होणे आणि ती बागायतदाराच्या स्क्रीनवर पोहोचणे. सवलती, पिनकोडनुसार वाहतूक खर्च किंवा चुकीचा पासवर्ड यांना इथे जागा नाही, कारण यादी वाढली की ती दर वेळी चालवण्याचा कंटाळा येतो.

पायरी २: प्रत्येक नव्या बिल्डवर ती सर्वांत आधी चालवा. त्यापूर्वी स्क्रीनवरील बिल्ड क्रमांक वाचून घ्यावा. फोनमध्ये जुनेच ॲप राहिल्यामुळे अर्धा दिवस भलताच बिल्ड तपासला गेल्याचे मी अनुभवले आहे. चाचण्या पायथॉनच्या पायटेस्टमध्ये लिहिलेल्या असतील आणि त्यांना `smoke` हे चिन्ह दिलेले असेल, तर एवढी आज्ञा पुरते:

```
pytest -m smoke -x
```

यातील `-x` मुळे पहिल्याच अपयशावर चाचणी थांबते, आणि थांबणेच इथे योग्य असते. बिल्ड ४३ मध्ये लॉगिन झाले, यादीही दिसली, पण ऑर्डर नोंदवताच सर्व्हरने त्रुटी दिली. डेव्हलपरने डेटाबेसच्या तक्त्यात नवा रकाना वाढवला होता आणि तो बदल चाचणीच्या सर्व्हरवर चढवायचा राहून गेला होता. त्याच्या स्वतःच्या संगणकावर सारे सुरळीत चालत असल्याने त्याला हे कळलेच नव्हते. दहा मिनिटांत बिल्ड परत गेला आणि बाकी तपासणीला आम्ही हातही लावला नाही.

पायरी ३: बग दुरुस्त होऊन आलेल्या बिल्डवर, स्मोक पार पडल्यावर, सॅनिटी चाचणी करा. बिल्ड ४४ मध्ये रकान्याची अडचण दूर झाली होती आणि एक जुना बगही दुरुस्त केलेला होता: ग्राहकाने ऑर्डर रद्द केली, तरी त्या पेट्या स्टॉकमध्ये परत जमा होत नसत. अशा वेळी नेमका कोणता कोड बदलला आणि तोच कोड आणखी कुठून वापरला जातो, हे डेव्हलपरला आवर्जून विचारावे, कारण सॅनिटी चाचणीची हद्द त्या उत्तरावरूनच ठरते. पेमेंट फसल्यावर ऑर्डर आपोआप रद्द होते तेव्हाही तोच कोड चालतो, असे उत्तर मला मिळाले.

मी स्टॉक १० पेट्यांवर ठेवून दोन पेट्यांची ऑर्डर दिली, तो ८ झाला. रद्द केल्यावर पुन्हा १० झाला. मूळ बग गेला होता. पेमेंट मुद्दाम फसवून पाहिले, तेव्हाही आकडा १० वरच आला. मग घाटातल्या मंद नेटवर्कवर माणसे उत्तर येईपर्यंत बटण पुन्हा दाबतात हे आठवून, नेटवर्कचा वेग कमी केला, दोन पेट्यांची नवी ऑर्डर दिली आणि रद्द करण्याचे बटण दोनदा दाबले. स्टॉक १२ झाला. बागेत नसलेल्या दोन पेट्या विक्रीला लागल्या होत्या! ऑर्डर आधीच रद्द झालेली आहे का, हे न पाहताच दुरुस्तीचा कोड पेट्या जमा करत होता. स्मोक चाचणीत हे कधीच दिसले नसते, कारण ती ऑर्डर देते, रद्द करत नाही.

बिल्ड ४५ वर पुन्हा आधी स्मोक आणि मग हेच तीन प्रयोग झाले, आणि तिन्ही वेळा आकडा १० वर थांबला. तरीही वाहतूक खर्च, सवलती आणि बिले यांना सॅनिटी चाचणीने स्पर्श केलेला नव्हता. ॲप बागायतदारांकडे देण्यापूर्वी त्यांची संपूर्ण रिग्रेशन चाचणी, म्हणजे बदलामुळे आधी चालणारे काही बिघडले नाही ना याची तपासणी, करावीच लागली. दोनदा बटण दाबण्याचा प्रयोग आम्ही त्या रिग्रेशनच्या यादीत कायमचा घातला. स्मोकची यादी मात्र पाच गोष्टींचीच ठेवली.