सदाशिव पेठेतलं सायकलचं दुकान नकाशात वर का दिसत नाही?

दुकानात बसून स्वतःच्या फोनवर शोधलं की आपलं दुकान बहुतेक वर दिसतं, कारण शोधणारा त्याच जागी बसलाय. गूगल मॅप्स तीन गोष्टी पाहतं: शोधलेल्या शब्दांशी दुकान किती जुळतं, किती लांब आहे आणि किती परिचित आहे. खरी परीक्षा डेक्कनला उभं राहून `cycle repair near me` शोधलं की होते. हडपसरहून शोधणाऱ्याला सदाशिव पेठ दिसली नाही तर त्याला इलाज नाही.

समजा, दुकानात पंक्चर, ब्रेक, गिअर हीच कामं जास्त आणि नवी सायकल महिन्याला एखादी विकली जाते. पण गूगल मॅप्सवर दुकानाची नोंद करताना मुख्य वर्ग निवडलाय `Bicycle store`. मग दुरुस्ती शोधणाऱ्यासमोर दुसरी दुकानं आधी येतात. ज्या गूगल खात्यातून ही नोंद केली त्यातून लॉगिन करून दुकानाच्या नोंदीत `Edit profile` उघडा. तिथे मुख्य वर्ग `Bicycle repair shop` करा आणि विक्रीचा वर्ग दुय्यम ठेवा. दुय्यम वर्ग नऊपर्यंत घालता येतात, पण दोन पुरेत. भाड्याने सायकली देत नसाल तर तो वर्ग घालू नका, नाहीतर नुसते फोन येत राहतील.

नावात मात्र हात घालू नका. पाटीवर जे आहे तेच लिहायचं. ‘पुण्यातील बेस्ट सायकल रिपेअर’ असं शेपूट जोडलं तर काही दिवस फायदा दिसेलही, पण कुणी तक्रार केली की नोंद निलंबित होऊ शकते.

पेठांमध्ये पत्ता बरोबर असूनही पिन चुकते. घरनंबर जुने, वाडा पाडून इमारत झालेली, त्यामुळे पिन मागच्या बोळात पडते आणि गिऱ्हाईक तिथे जाऊन गोल फिरतं. नकाशा मोठा करून पिन थेट दुकानाच्या दारावर ओढा. वेळही खरी द्या. एक ते चार बंद असेल (आपल्याकडे असतंच!) तर सकाळ-संध्याकाळ असे दोन वेगळे टप्पे भरा. नाहीतर दोन वाजता शटरसमोर उभा राहिलेला माणूस एक तारा देऊन जातो.

आता अभिप्राय. खात्यातून मिळणारा क्यूआर कोड छापून काउंटरवर लावा आणि सायकल परत देताना विचारा, ‘काय काम केलं ते दोन ओळींत लिहाल का?’ ‘गिअर अडकत होता, तासाभरात नीट करून दिला’ हे वाचून पुढच्या माणसाला काम कळतं. नुसत्या ‘नाइस’ने काही कळत नाही. त्याबदल्यात सवलत देऊ नका, ते नियमात बसत नाही. एकाच दिवशी नातेवाइकांकडून वीस अभिप्राय लिहून घेतले तर ते गाळले जाण्याची शक्यता मोठी. वाईट अभिप्रायाला वाद न घालता उत्तर द्या: ‘ब्रेक पुन्हा सैल झाला असेल तर घेऊन या, बघून देतो.’

बदल केल्यावर काही आठवडे थांबा आणि डेक्कनवरून तेच शब्द पुन्हा शोधा.