ईओक्यूच्या स्लाइड्स साखरेच्या पोत्यांवरून कशा समजवाव्यात

एका वेळी किती माल मागवला तर एकूण खर्च सर्वांत कमी येतो, ते प्रमाण म्हणजे इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटी किंवा ईओक्यू. हा धडा बहुतेक ठिकाणी थेट सूत्राच्या स्लाइडनेच सुरू होतो आणि अर्धा वर्ग तिथेच हरवतो. सूत्राची स्लाइड शेवटी न्या. आधी एक दुकान उभं करा.

भवानी पेठेतला एक छोटा किराणा होलसेलर घेऊ. त्याच्याकडे पन्नास माल असतील, आपण फक्त साखर बघायची. वर्षाला ५० किलोची १२०० पोती खपतात, पोत्याचा भाव २००० रुपये आणि माल मार्केट यार्डातून येतो. आकडे हिशोबापुरते आहेत. तुमच्या ओळखीचा दुकानदार असेल तर त्याचे खरे आकडे घाला.

आता फळ्यावर दोन खर्च लिहा. इथे घाई करू नका, कारण चुका होतात त्या इथेच.

पहिला खर्च दर ऑर्डरमागचा. गाडीभाडं १५०० रुपये आणि माल पाहून घेणं, बिल, पैसे पाठवणं यांचे ३००, असे १८०० धरू. मुलं लगेच विचारतात, ‘हमाली धरायची ना?’ नाही. हमाली पोत्यामागे असते. वर्षात १२०० पोती उतरायचीच आहेत, मग ती दहा खेपांत उतरोत की वीस. तोलाईचंही तेच. हे पैसे मालाच्या भावात जातात. मुनीमजींचा पगारही नको, कारण ऑर्डरी कमी केल्या म्हणून तो कमी होत नाही. कसोटी एकच: एक ऑर्डर कमी केली तर हा रुपया वाचतो का?

दुसरा खर्च माल पडून राहण्याचा. बँकेच्या कॅश क्रेडिटवर १२ टक्के व्याज धरलं तर पोत्यामागे वर्षाला २४० रुपये. ओल लागणं, पोतं फाटणं, विमा यांचे ६०. एकूण ३००. गोदामाचं भाडं ठरलेलं असेल तर ते इथे धरू नका. जास्त मालासाठी वेगळी जागा घ्यावी लागत असेल तरच धरा.

मग तीन ओळींचा तक्ता करा. एका वेळी ६० पोती मागवली तर २० ऑर्डरी, म्हणजे ३६,००० रुपये. गोदामात सरासरी निम्मी, ३० पोती असतात, त्यांचे ९,०००. बेरीज ४५,०००. २४० पोती मागवली तर ऑर्डरींचे ९,००० आणि साठ्याचे ३६,०००, बेरीज पुन्हा ४५,०००. आणि १२० मागवली तर दोन्हीकडे १८,०००, बेरीज ३६,०००.

इथे थांबा आणि प्रत्येक ओळीतल्या दोन खर्चांचा गुणाकार करायला सांगा. तो तिन्ही ओळींत सारखाच येतो. गुणाकार ठरलेला असताना बेरीज सर्वांत कमी होते ती दोन्ही संख्या समान असताना. आलेखात या दोन खर्चांच्या रेषा छेदतात तिथेच बेरजेचा तळ का लागतो, याचं कारण हेच. आता दोन्ही खर्च समान मांडले की सूत्र वर्गच काढतो:

```
(D / Q) × S = (Q / 2) × H
Q = √(2DS / H)
  = √(2 × 1200 × 1800 / 300)
  = 120
```

Q एका वेळी मागवायची पोती, D वर्षाचा खप, S ऑर्डरमागचा खर्च, H पोत्यामागचा वर्षाचा साठवणखर्च. फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडलेलं सूत्र ते हेच.

पुढचा प्रश्न गाडीचा. १२० पोती म्हणजे ६ टन. ज्या गाडीचं भाडं धरलं तिच्यात एवढा माल बसतो का? समजा ८० पोतीच बसतात. मग १५ ऑर्डरींचे २७,००० आणि साठ्याचे १२,०००, एकूण ३९,०००. वर्षभरात फक्त ३,००० जास्त! तळाशी आलेख इतका सपाट असतो की गाडी भरेल एवढी ऑर्डर देणंच शहाणपणाचं. बहुतेक स्लाइड्समध्ये हे नसतं आणि दुकानदाराला सगळ्यात उपयोगी हेच आहे. मात्र लहान गाडीचं भाडंही कमी असेल, तर S बदलून हिशोब पुन्हा करायला हवा.

गृहीतकांच्या स्लाइडवर ‘खप स्थिर’ असं लिहिलेलं असतं. साखरेचा खप गणपती-दिवाळीच्या सुमारास तसा राहत नाही. त्या महिन्यांत १०० ऐवजी १५० पोती खपली, तर त्या वेगाने वर्षाचे १८०० धरून उत्तर येतं सुमारे १४७. खप दीडपट झाला, तरी ऑर्डर दीडपट होत नाही. वर्गमुळामुळे ती सव्वापटीच्या आसपासच राहते आणि उरलेली वाढ ऑर्डरी लवकर-लवकर देऊन भरून निघते.

ऑर्डर कधी द्यायची, हे मात्र ईओक्यू सांगत नाही. दिवसाला ४ पोती खपत असतील आणि माल यायला दोन दिवस लागत असतील, तर ८ पोती उरली की फोन करायचा. गाडी रखडण्याची भीती असेल तर त्यात आणखी एका दिवसाची ४ पोती मिळवा आणि १२ पोत्यांच्या थप्पीला खडूने खूण करून ठेवायला सांगा.