उत्तरपत्रिकेतली 5′ आणि 3′ टोके

एम.एस्सी. झाल्यावर मी दादरच्या एका क्लासमध्ये बारावीच्या जीवशास्त्राच्या सराव-उत्तरपत्रिका तपासण्याचे काम घेतले. प्रथिन संश्लेषणाचा प्रश्न मला त्यातला सर्वांत सोपा वाटत असे, कारण आदर्श उत्तरातल्या दोन ओळी, एम-आरएनएची आणि अमिनो आम्लांची, शेजारी ठेवून अक्षरे जुळतात का एवढेच पाहायचे असते, अशी माझी समजूत होती. ती एका प्रश्नाने मोडली. त्यात टेम्प्लेट धागा असा दिला होता:

```
5′-CTA AAA TTC AGG CAT-3′
```

आरएनए पॉलिमरेज टेम्प्लेट धागा 3′ टोकाकडून 5′ टोकाकडे वाचते आणि एम-आरएनए 5′ कडून 3′ कडे वाढत जातो. म्हणून येथे प्रतिलेखनाची सुरुवात उजवीकडून करावी लागते. धागा उलटा मांडून A समोर U, T समोर A आणि G समोर C लिहिले की उत्तर मिळते:

```
3′-TAC GGA CTT AAA ATC-5′
5′-AUG CCU GAA UUU UAG-3′
```

भाषांतरणात यातून मेथिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक आम्ल आणि फेनिलअॅलॅनिन अशी साखळी तयार होते. UAG हा समाप्ती कोडॉन असल्यामुळे पाच कोडॉनांतून चारच अमिनो आम्ले मिळतात.

बहुतेकांनी मात्र डावीकडूनच जोड्या लावल्या होत्या आणि त्यांचा एम-आरएनए GAU UUU AAG UCC GUA असा आला होता. यातली एकही जोडी चुकीची नाही, चुकली आहे ती दिशा. ही चूक ओळखण्याची खूण सोपी आहे: अशा ओळीत ना आरंभीचा AUG सापडतो, ना समाप्तीचा कोडॉन. कोष्टकात पाहून अॅस्पार्टिक आम्लापासून व्हॅलिनपर्यंत पाच आम्ले बिनधास्त लिहिलेली असतात.

त्याच गठ्ठ्यात एका मुलीने हीच अक्षरे लिहिली होती, पण तिची साखळी बरोबर होती. मी एम-आरएनएचा गुण कापला आणि साखळी शेजाऱ्याची पाहून लिहिली असावी, या संशयाने तिच्यापुढे प्रश्नचिन्ह काढले. दुसऱ्या दिवशी ती उत्तरपत्रिका घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, डावीकडे 3′ लिहिलंय मी." खरोखरच तिने बारीक अक्षरांत डावीकडे 3′ आणि उजवीकडे 5′ लिहिले होते, आणि कोडॉन उजवीकडून वाचले होते. तिचे उत्तर पूर्ण बरोबर होते. तेव्हापासून मी अक्षरांआधी टोके पाहते. टोके लिहिलेलीच नसतील, तर ओळ डावीकडून 5′ ने सुरू होते असे धरून तपासते, कारण लिहिण्याचा संकेत तसा आहे.

पुढच्या चाचणीत आम्ही कोडिंग धागा दिला, 5′-ATG CCT GAA TTT TAG-3′. येथे T च्या जागी U लिहिले की एम-आरएनए तयार होतो. या वेळी अनेकांची साखळी टायरोसिन, ग्लायसिन, ल्युसिन, लायसिन, आयसोल्युसिन अशी निघाली आणि मी सगळ्यांना एकाच चुकीचे धनी ठरवणार होते. एम-आरएनएची ओळ पाहिल्यावर मात्र त्यांचे दोन गट पडले. पहिल्या गटाने कोडिंग धाग्यालाच टेम्प्लेट समजून UAC GGA CUU AAA AUC असा एम-आरएनए लिहिला होता. दुसऱ्या गटाचा एम-आरएनए बरोबर होता, पण त्याखाली टी-आरएनएचे अँटिकोडॉन मांडून त्यांनी तेच कोष्टकात शोधले होते. कोष्टक एम-आरएनएच्या कोडॉनांचे असते, त्यात अँटिकोडॉन शोधायचे नसतात. शिवाय एरवी UAG साठी टी-आरएनए नसतोच, तेथे मोचक घटक येऊन साखळी सोडवतो. म्हणून बरोबर एम-आरएनएखाली शेवटी आयसोल्युसिन दिसले की चूक कोठे झाली ते लगेच कळते.

पहिल्या गटाचा मी प्रतिलेखनाचा गुण कापते, पण त्यांच्याच एम-आरएनएवरून कोडॉन नीट वाचले असतील तर साखळीचा गुण देते. दुसऱ्या गटाच्या बाबतीत नेमके उलट करते. एकाच चुकीसाठी दोनदा गुण कापणे मला पटत नाही. आमच्याकडच्या काहींना हे फार सैल वाटते.

साखळी बरोबर असली तरी एम-आरएनएची ओळ वाचावीच लागते. एकाने CCU ऐवजी CCA लिहिले होते, तरी प्रोलिन बरोबरच आले, कारण CC नंतर चारांपैकी कोणतेही अक्षर आले तरी प्रोलिनच मिळते. GAA ऐवजी GAG लिहिले तरी ग्लुटामिक आम्लच येते. पहिले किंवा दुसरे अक्षर चुकले तर बहुधा साखळीत दिसते, तिसरे मात्र अनेकदा लपून राहते. म्हणून टोके पाहून झाली की मी प्रत्येक कोडॉनच्या तिसऱ्या अक्षराखाली पेन्सिलीने ठिपका देत त्याची जोडी टेम्प्लेटशी पडताळते आणि मगच साखळीकडे वळते.